आलेख काय सांगतो: १८५४ ची सोहोतली साथ

'डॉक्टर जॉन स्नोने सोहो भागातल्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला आणि लंडनमधला कॉलरा थांबला, खरं ना?'

नाही. दांडा निघाला ८ सप्टेंबर १८५४ ला. स्नोच्याच तक्त्यात आजारी पडण्याच्या तारखेनुसार (पुढे दगावलेल्यांचे) आकडे आहेत: ३१ ऑगस्टला ५६, १ सप्टेंबरला १४३, दुसऱ्या दिवशी ११६, मग ५४, ४६, ३६... आणि ८ तारखेला फक्त १२. साथ आधीच ओसरली होती. लोक घरदार सोडून पळाले होते, हे स्नोनेही नोंदवलं आहे.

पण कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, ही स्नोची बाजू हेच आकडे भक्कम करतात. कॉलऱ्याची लक्षणं काही तासांपासून साधारण पाच दिवसांत दिसतात. सगळ्यांनी एकाच सुमारास एकच दूषित पाणी प्यायलं, तर रोजच्या नव्या रुग्णांचा आलेख झपकन चढतो, हळूहळू उतरतो आणि बहुतेक रुग्ण त्याच मुदतीत मावतात. माणसाकडून माणसाला लागण होत गेली, तर आधी थोडे रुग्ण, मग तेवढ्याच अंतराने लाटा, बहुधा आधीपेक्षा मोठ्या. सोहोत एकच कडा दिसतो. मागची शेपटी मात्र लांबते. ती उशिरा पाणी प्यायलेल्यांची असेल किंवा घरातल्या लागणीची, एवढं आलेखावरून ठरत नाही.

तारीख मृत्यूची घेतली तर शिखर २ सप्टेंबरवर सरकतं, म्हणून आलेख लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेवरच काढावा. आणि स्रोत एक आहे एवढंच तो सांगतो. कुठला पंप, हे घरोघरी विचारूनच कळलं.