आखूड, सरळ पापण्या: लिफ्ट-टिंट करावं की मस्काराच बरा?

पापण्या आखूड आणि खाली झुकलेल्या असतील तर मस्कारा लावून तासाभरात डोळ्यांखाली काळं उतरतं. दोष बहुतेकदा मस्काराचा नसतो. केसांची टोकं गालाकडे वळलेली असल्याने ती त्वचेला घासत राहतात. शिवाय पाण्यात विरघळणारा मस्कारा ओला असताना केसाचं वळण सैल करतो, म्हणून कर्लरने दिलेला बाकही उतरतो. अशा पापण्यांवर वॉटरप्रूफ मस्काराच टिकतो, आणि तो काढताना चोळाचोळ होते.

लिफ्ट म्हणजे पापण्यांचे केस लोशनने मुळापासून वर वळवणं. त्याचं काम वेगळं. केसातल्या गंधकाच्या बंधांमुळे त्याचा आकार टिकतो. लिफ्टचं पहिलं लोशन ते बंध सैल करतं, दुसरं त्यांना नव्या वळणात पुन्हा जोडतं. केसांच्या पर्मिंगचंच हे छोटं भावंड. पण केस एक मिलिमीटरही वाढत नाही, मुळापासून उभा राहिल्यामुळे लांब दिसतो, एवढंच. टिंट म्हणजे पापण्यांना लावायचा रंग, तो फिकी टोकं गडद करतो. मस्काराचा जाडपणा मात्र त्याने येत नाही.

आखूड पापण्यांचा खरा प्रश्न आहे सिलिकॉनच्या पॅडचा. खालच्या पापण्या झाकून हे पॅड वरच्या पापणीवर बसवतात आणि एकेक केस त्यावर चिकटवतात. समजा, केस जेमतेम सहा मिलिमीटरचे आहेत. मोठ्या पॅडवर त्यांची टोकं वळणापर्यंत पोहोचतच नाहीत आणि वेळ मोडून फरक शून्य. फारच लहान पॅड घेतलं तर केस मागे दुमडून पापणीच्या त्वचेला टेकतात. म्हणून आधी केस पॅडवर टेकवून बघायला सांगा. लोशन मुळाजवळच्या भागावरच लावायचं, टोकांवर नाही. ते किती मिनिटं ठेवायचं हे कंपनी आणि केसाची जाडी ठरवते. वेळ जास्त झाली की टोकं कुरळी, कोरडी, जळल्यासारखी दिसतात. मग ते केस गळून नवे येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही.

टिंटची ॲलर्जी हा त्याहून गंभीर धोका. 1933 च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाच्या रंगाने काही बायकांचे डोळे गेले होते. त्यात पीपीडी हे रसायन होतं, आणि ते आजही अनेक केसरंगांत असतं. म्हणून 24 ते 48 तास आधी कानामागे पॅच टेस्ट हवीच. ‘आमचं हर्बल आहे’ हे त्याला उत्तर नव्हे. मेंदीच्या काळ्या कोनाने कधी फोड आले असतील तर टिंट नकोच.

कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवायच्या आणि पूर्ण वेळ डोळे मिटलेले ठेवायचे. चुरचुरलं तर ‘थोडं होतंच’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, लगेच काढून घ्या. डोळ्यात गेलं असेल तर भरपूर पाण्याने धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

लिफ्टचा परिणाम सहा-आठ आठवडे टिकतो. रांजणवाडी किंवा डोळे आलेले असताना लिफ्ट नको, आणि तेव्हा मस्काराही नको. त्यावेळी वापरलेली मस्काराची नळी तर फेकूनच द्यावी.