तळाशी विक्री

बाजार कोसळत असताना अनेक महिने शेअर धरून बसलेला गुंतवणूकदार भाव नीचांकाच्या जवळ आल्यावर सगळे विकून बाहेर पडतो. या वर्तनाला तळाशी विक्री किंवा घाबरून केलेली विक्री म्हणतात. वर्तनवादी अर्थशास्त्र त्यामागे मुख्यतः दोन कल मानते. एक तोटाभय, म्हणजे तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख मोठे वाटणे. दुसरी कळपवृत्ती, म्हणजे स्वतःच्या माहितीपेक्षा इतरांच्या कृतीला जास्त वजन देणे.

‘लोक घाबरतात आणि विकतात’ एवढे म्हटल्याने या विक्रीचा उलगडा होत नाही. केवळ भीतीच असती, तर माणसे पहिल्याच घसरणीत बाहेर पडली असती आणि त्यांचे नुकसान थोडक्यात आटोपले असते. प्रत्यक्षात ती थांबतात, आणखी थांबतात, आणि थांबण्याचा फायदा सर्वांत जास्त होण्याची शक्यता असते नेमक्या तेव्हा हार मानतात. या विलंबाचे कारण समजले, की बाकीचे आपोआप समजते.

तोटाभय आधी धरून ठेवायला लावते

डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रॉस्पेक्ट थिअरीनुसार माणूस आपली संपत्ती एकूण रकमेत मोजत नाही. मनात पक्क्या झालेल्या एखाद्या आकड्यापासून आपण किती वर किंवा खाली आहोत, हे तो पाहतो. या आकड्याला संदर्भबिंदू म्हणतात. गुंतवणूकदारासाठी तो बहुधा खरेदीचा भाव असतो, नाहीतर खात्यात कधीकाळी दिसलेली सर्वांत मोठी रक्कम. संदर्भबिंदूच्या खाली गेलेला प्रत्येक रुपया, डॉलर किंवा येन वर गेलेल्यापेक्षा सुमारे सव्वादोन पट जड वाटतो, असा या दोघांचा १९९२ मधील अंदाज आहे.

याच सिद्धान्तातला दुसरा भाग सहसा विसरला जातो. तोटा जसजसा वाढतो, तसतशी प्रत्येक नव्या तोट्याची धार बोथट होत जाते. शंभराचे नव्वद झाले तेव्हा जे टोचते, ते साठाचे पन्नास होताना तितके टोचत नाही, कारण मन अजून शंभरापासूनच मोजत असते. म्हणून तोट्यात असलेला माणूस ठरावीक तोटा पदरात घेण्यापेक्षा ‘मुद्दल तरी सुटेल’ या आशेवर मोठा धोका पत्करायला तयार होतो. हर्श शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये हा कल शेअर बाजाराला लावून दाखवला. पुढे टेरेन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील एका सवलतीच्या दलालीसंस्थेची १०,००० खाती तपासली. ज्या दिवशी विक्री झाली त्या दिवशी नफ्यात असलेल्या शेअरांपैकी १४.८ टक्के विकले गेले होते, तोट्यात असलेल्यांपैकी मात्र फक्त ९.८ टक्के.

तोटाभय माणसाला धरून ठेवायला लावत असेल, तर तळाशी विक्री होते कशी? याचे उत्तर संदर्भबिंदूच्या सरकण्यात आहे.

२००७ ते २००९: एक उदाहरण

९ ऑक्टोबर २००७ रोजी अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक १,५६५ वर बंद झाला. त्या दिवशी १०० एककांची गुंतवणूक असलेला माणूस डोळ्यांपुढे आणू. लाभांश सोडून दिला, तर १५ सप्टेंबर २००८ रोजी, म्हणजे लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली त्या दिवशी, त्याच्याकडे ७६ उरले होते. शंभर अजून मनात ताजे आहे आणि विकले तर तोटा ‘खरा’ होईल, म्हणून तो थांबतो. २० नोव्हेंबरला ४८ उरतात. एवढ्या खोल तोट्यात नव्या घसरणीची धार बोथट झालेली असते. खाते उघडून पाहणेच तो बंद करतो.

त्यानंतर निर्देशांक उसळला. ६ जानेवारी २००९ रोजी ४८ चे ६० झाले, म्हणजे दीड महिन्यात जवळपास २४ टक्के वाढ. माणूस पुन्हा खाते पाहू लागतो आणि, माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतले सर्वांत महत्त्वाचे वळण इथेच आहे, मनातला शंभराचा आकडा सोडून साठाशी जुळवून घेतो. ‘निदान साठ तरी हाती आहेत.’ संदर्भबिंदू खाली सरकला. तोट्याची पाटी जणू पुसली गेली आणि त्याबरोबर बोथटपणाचे संरक्षणही गेले. पुढची घसरण आता पुन्हा पहिल्या घसरणीसारखी, सव्वादोन पट जड टोचणार असते. ९ मार्च २००९ रोजी निर्देशांक ६७६ वर आला आणि साठाचे ४३ झाले. शंभराचे अठ्ठेचाळीस होताना जो माणूस टिकला, तो साठाचे त्रेचाळीस होताना टिकत नाही. तोच तळ होता.

समजा, त्याने त्या दिवशी विकले आणि वातावरण निवळल्यावर, बरोबर एका वर्षाने, पुन्हा खरेदी केली. तोपर्यंत निर्देशांक १,१४० झाला होता. २८ मार्च २०१३ रोजी निर्देशांकाने २००७ चा उच्चांक ओलांडला, तेव्हा या माणसाकडे सुमारे ५९ एकके होती. काहीच न केलेल्याकडे शंभर. हा ४१ एककांचा फरक एकट्या विक्रीमुळे पडला नाही. दुसऱ्याच दिवशी परत खरेदी केली असती, तर नुकसान तुलनेने किरकोळ राहिले असते. बाहेर काढलेल्या वर्षाने ते मोठे केले.

परत न येणे हा या वर्तनाचा दुर्लक्षित भाग आहे. अँड्र्यू लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ ते २०१५ या काळातील साडेसहा लाखांहून अधिक अमेरिकी दलाली खाती तपासली. एका महिन्यात खात्यातील शेअरगुंतवणूक ९० टक्के किंवा अधिक घटली आणि त्यातली किमान निम्मी घट स्वतःच्या विक्रीमुळे झाली, तर तिला त्यांनी घाबरून केलेली विक्री मानले. अशी विक्री करणाऱ्यांपैकी जवळपास ३१ टक्के लोक जोखमीच्या गुंतवणुकीकडे पुन्हा फिरकलेच नाहीत. स्वतःचा अनुभव ‘उत्कृष्ट’ असल्याचे सांगणारे अशा विक्रीकडे अधिक झुकलेले आढळले, हेही नोंदवण्यासारखे आहे. कागदावरचा तोटा माणसाला धाडसी ठेवतो आणि प्रत्यक्ष झालेला तोटा भित्रा करतो, असे अलेक्स इमास यांनी २०१६ मध्ये प्रयोगांतून दाखवले. विक्रीनंतरचा दुरावा त्याच्याशी जुळतो.

कळपाची भर

संदर्भबिंदू प्रत्येकाचा वेगळा असतो, कारण प्रत्येकाची खरेदी वेगळ्या दिवशी झालेली असते. तरीही विक्री एकाच वेळी का होते, हे कळपवृत्तीमुळे कळते. १९९२ मध्ये अभिजित बॅनर्जी यांनी, तसेच सुशील बिखचंदानी, डेव्हिड हर्शलायफर आणि आयव्हो वेल्च यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की कळपामागे जाणे नेहमीच बेअक्कलपणाचे नसते. माझी माहिती सांगते ‘धरून ठेव’, पण आधीच्या दोघांनी विकलेले मला दिसते. त्यांना काहीतरी माहीत असेल असे समजून मीही विकतो. माझ्या मागच्याला आता तीन विक्रेते दिसतात, पण तिसऱ्याच्या विक्रीत नवी माहिती काहीच नसते. पुढचे सगळे पहिल्या दोघांच्या निर्णयाचीच नक्कल करत राहतात. बाजारात ही साखळी अधिक घातक ठरते, कारण तिथे प्रत्येक विक्रीने भाव खाली येतो आणि खाली आलेला भाव हीच बातमी बनते.

१९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. रॉबर्ट शिलर यांनी त्याच आठवड्यात गुंतवणूकदारांना प्रश्नावल्या पाठवल्या. कोणत्या बातमीने विकायला लावले, याचे ठोस उत्तर मिळाले नाही. उत्तरे देणाऱ्यांच्या लेखी भावांची घसरण हीच सर्वांत मोठी बातमी होती.

म्युच्युअल फंडात आणखी एक गोष्ट घडते. स्वतः निवडलेला शेअर तोट्यात विकणे म्हणजे स्वतःची चूक मान्य करणे. फंड मात्र दुसऱ्याच्या हाती असतो, त्यामुळे दोष व्यवस्थापकावर टाकून तोट्यातला फंड सहज विकला जातो. टॉम चँग, डेव्हिड सॉलोमन आणि मार्क वेस्टरफील्ड यांनी २०१६ मध्ये हा उलटा कल दाखवला. गुंतवणूकदारांच्या पैसे परत काढण्याच्या मागण्या वाढल्या, की व्यवस्थापकाला पटत नसतानाही शेअर विकावे लागतात आणि घसरणीला आणखी जोर मिळतो.

ओळख आणि उपाय

प्रत्येक मंदीतली विक्री चुकीची नसते. उसनवारीवर घेतलेल्या शेअरांवर मार्जिन कॉल, म्हणजे जादा तारण भरण्याची दलालाची मागणी, आली, नोकरी गेली, किंवा कंपनीचा धंदाच बुडाला, तर विकणे हा वर्तनदोष नव्हे. फरक विक्रीच्या स्वरूपात दिसतो. विचारपूर्वक विकणारा ठरावीक शेअर काढतो आणि कारण सांगताना कंपनीबद्दल बोलतो. घाबरलेला एकाच दिवशी सगळे काढतो, कारण विचारले तर भावाबद्दलच बोलतो, आणि परत कधी घ्यायचे याचे उत्तर त्याच्याकडे नसते. ‘जरा स्थिर झाले की घेऊ’ असे तो म्हणतो, पण स्थिर होईपर्यंत भाव वर गेलेला असतो.

खाते किती वेळा पाहतो याचाही परिणाम होतो. दीर्घ काळ चढत गेलेल्या बाजारातही घसरणीचे दिवस निम्म्याच्या थोडेच खाली असतात, तोट्याची वर्षे मात्र बरीच कमी. रोज पाहणाऱ्याला सव्वादोन पटीचा चटका जवळपास दिवसाआड बसतो. श्लोमो बेनार्ट्झी आणि रिचर्ड थेलर यांनी १९९५ मध्ये याला अदूरदर्शी तोटाभय म्हटले. कमी पाहणे हा म्हणूनच खरा उपाय आहे. त्याच्या जोडीला पुढच्या काही वर्षांत लागणारा पैसा शेअरांत न ठेवणे, आणि शेअर व कर्जरोख्यांचे प्रमाण आधीच लिहून ठेवून घसरणीत ते पूर्ववत करणे, हे उपयोगी पडते. अशा नियमाला मर्यादा एवढीच, की तो मोडायचा मोह तळाशीच सर्वांत मोठा असतो. शेअरांचा वाटा मुळातच इतका हवा, की निम्मा बुडाला तरी झोप उडणार नाही.

तळ कोणता, हे त्या क्षणी कोणालाच दिसत नाही. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर होता. १८ ऑगस्ट १९९२ रोजी तो १४,३०९ वर आला, आणि त्या दिवशी विकणाऱ्याचे वर्तन वर सांगितलेल्या वर्णनाशी तंतोतंत जुळले असते. पण १० मार्च २००९ रोजी हाच निर्देशांक ७,०५४ वर होता, आणि १९८९ चा उच्चांक ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावी लागली.