‘काहीतरीच दिसतंय’ म्हणजे नेमकं काय?

एका मैत्रिणीने स्वतः काढलेल्या फोटोंचं एक वेब पान तयार केलं. तिच्या कॉम्प्युटरवर ते सुरेख दिसत होतं. फाइल्स सर्व्हरवर चढवल्या, पत्ता उघडला आणि मला निरोप आला : “पान काहीतरीच दिसतंय.” बाकी काही नाही.

असा निरोप आला की पहिला मोह होतो तो तिचा कोड मागवून ओळ न् ओळ वाचण्याचा. पण कोड तर तिच्याकडे नीट चालत होता. बदलली होती ती फक्त जागा. म्हणून मी कोड मागितला नाही, दोन स्क्रीनशॉट मागितले : एक तिच्या कॉम्प्युटरवरचा, एक साइटवरचा. “काय चुकलंय?” असं विचारलं तर समोरचा माणूस अंदाज सांगतो. “काय दिसतंय?” असं विचारलं तर पुरावा मिळतो.

साइटवरच्या चित्रात सगळा मजकूर होता, पण डाव्या कडेला एकाखाली एक रचलेला. पार्श्वभूमी पांढरी, दुवे निळे आणि अधोरेखित, आडवा असायला हवा तो मेनू काळ्या ठिपक्यांची उभी यादी होऊन बसलेला. शिवाय १२ फोटोंपैकी ५ गायब.

हा निळा-पांढरा अवतार एकदा ओळखता आला की अर्धं काम होतं. ही मोडतोड नाही, ही ब्राउझरची स्वतःची मूळ मांडणी आहे. पानातला मजकूर एचटीएमएल फाइलमध्ये असतो; रंग, रुंदी, अक्षरांचे आकार हे बहुधा वेगळ्या सीएसएस फाइलमध्ये. ती दुसरी फाइल मिळाली नाही तर ब्राउझर थांबत नाही की तक्रारही करत नाही. वाचणाऱ्याला निदान मजकूर तरी मिळावा म्हणून तो आपल्या पदरची साधी मांडणी वापरतो आणि पुढे जातो. म्हणजे तिच्या स्क्रीनशॉटचा अर्थ सरळ होता : एचटीएमएल पोचलं, सीएसएस पोचलं नाही.

दिसण्यात वेगळा बिघाड असता तर दिशाही वेगळी असती. मांडणी शाबूत, पण मराठी अक्षरांच्या जागी à¤®à¤¾ असलं काही आलं, तर फाइल पोचलेली असते, फक्त चुकीच्या संकेतात वाचली जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. जुन्या पाश्चात्त्य संकेतात त्या प्रत्येक बाइटचं एकेक अक्षर होतं आणि एका ‘म’चे à¤® असे तीन तुकडे पडतात. अशा वेळी सीएसएस तपासत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

आमच्या पानाकडे परत येतो. फाइल पोचली नाही हा अजून अंदाजच होता. तो पक्का करायला मी साइटचं पान उघडून `F12` दाबलं, `Network` हा भाग निवडला आणि पान पुन्हा लोड केलं. पानाने मागितलेली प्रत्येक फाइल इथे एकेका ओळीत येते आणि सर्व्हरने काय उत्तर दिलं ते `Status` खाली दिसतं. `style.css` च्या ओळीत `404` होतं. मागितलेल्या पत्त्यावर काही सापडलं नाही, असा त्याचा अर्थ. गायब असलेल्या पाचही फोटोंपुढे तोच आकडा.

“पण मी सगळ्या फाइल्स चढवल्यात रे!” ती म्हणाली. आणि ते खरंच होतं. पानात लिहिलेलं असं :

```
<link rel="stylesheet" href="css/style.css">
<img src="photo/pahat.jpg" alt="पहाट">
```

आणि सर्व्हरवर होतं असं :

```
css/Style.css
photo/pahat.JPG
```

विंडोज आणि मॅक या दोन्ही यंत्रणा सहसा फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच धरतात. `style.css` मागितली तर त्या `Style.css` बिनतक्रार काढून देतात. बरेच वेब सर्व्हर मात्र लिनक्सवर चालतात आणि लिनक्स नाव जसंच्या तसं ताडून पाहतो. कॉम्प्युटरच्या लेखी `S` म्हणजे ८३ आणि `s` म्हणजे ११५. आकडे वेगळे, म्हणून नावं वेगळी, म्हणून फाइलही वेगळी. म्हणजे चूक तिच्या कॉम्प्युटरवरही होतीच, तिथे ती फक्त झाकली जात होती.

मग पाचच फोटो का? मला सगळ्यात आवडलेला पुरावा हाच. उरलेले सात तिने रंग सुधारायला एका प्रोग्रॅममधून काढले होते आणि त्याने ते `.jpg` म्हणून साठवले. पाच थेट कॅमेऱ्यातून आले होते आणि तिचा कॅमेरा कॅपिटल `.JPG` लिहितो. विंडोज मुळात नावाचं हे शेपूट लपवूनच ठेवतं, त्यामुळे तिला दोन्हीकडे नुसतं `pahat` दिसत होतं. ज्या अक्षरात घोळ होता ते अक्षरच तिच्या नजरेला पडत नव्हतं.

या तपासात एक फसवी जागा आहे, ती सांगायला हवी. काही सर्व्हर फाइल नसली तरी `404` न देता `200`, म्हणजे ‘सगळं ठीक’, असं उत्तर देतात आणि सीएसएसच्या नावाखाली मुखपृष्ठच पाठवतात. ओळ लाल होत नाही, पान मात्र उघडंबोडकंच राहतं. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नये. सीएसएस फाइलचा पूर्ण पत्ता ब्राउझरमध्ये टाकून उघडावा. रंग-मापांचे नियम दिसले तर फाइल खरी. सजवलेलं पान किंवा ‘सापडलं नाही’ असा मजकूर आला तर नाही.

मैत्रिणीने सर्व्हरवरची नावं स्मॉल अक्षरांत बदलली आणि पान जागेवर आलं. चार दिवसांनी पुन्हा निरोप : “रंग बदलला, पण दिसतच नाहीये.”

यावर नेहमीचा संशय ब्राउझरने जुनी फाइल धरून ठेवल्याचा असतो. `Ctrl+Shift+R` दाबून ती ताजी मागवता येते. तिने ते केलं, फरक नाही. मग मी तिला सीएसएसचा पत्ता थेट उघडायला सांगितलं. त्यात जुनाच रंग होता. म्हणजे दोष ब्राउझरच्या साठ्याचा नव्हता, सर्व्हरवरच जुनी फाइल होती. फोल्डर उघडल्यावर उलगडा झाला :

```
css/Style.css
css/style.css
```

नाव तिने फक्त सर्व्हरवर बदललं होतं. घरच्या फोल्डरमध्ये फाइल `Style.css` च राहिली होती. नवा रंग घालून ती चढवली, तेव्हा सर्व्हरने ती वेगळीच फाइल समजून जुनीच्या शेजारी ठेवली. पान वाचत होतं `style.css`, दुरुस्त्या जात होत्या `Style.css` मध्ये. तिने आधी विंडोजला शेपूट दाखवायला लावलं, घरच्या सगळ्या फाइल्सची नावं स्मॉल केली, सर्व्हरवरची कॅपिटलवाली प्रत काढून टाकली आणि पुन्हा एकदा सगळं चढवलं. या वेळी तिने न मागता स्क्रीनशॉट पाठवला, `Network` च्या ओळींसकट.