जिल्ह्याचा मानव विकास निर्देशांक कसा बनतो?

महाराष्ट्राचा पहिला मानव विकास अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा गडचिरोली जिल्ह्याचा निर्देशांक ०.२१ होता आणि मुंबईचा १.००. पुण्याच्या ‘यशदा’ने तयार केलेल्या २०१२ च्या दुसऱ्या अहवालात २०११ या वर्षासाठी गडचिरोलीचा निर्देशांक ०.६०८ आणि मुंबईचा ०.८४१ दाखवला आहे. हे दोन अहवाल शेजारी ठेवून कोणी वाचले, तर दहा वर्षांत गडचिरोली जवळजवळ तिप्पट पुढे गेली आणि मुंबईची मात्र घसरण झाली, असा निष्कर्ष निघेल. वास्तविक यांतले काहीच घडलेले नाही. दुसऱ्या अहवालाने २००१ चे आकडेही आपल्या पद्धतीने पुन्हा काढले आहेत आणि त्यांत गडचिरोली ०.५३८ वर आहे. एकच जिल्हा, जवळजवळ एकच वर्ष, आणि तरी एका गणिताने ०.२१ व दुसऱ्याने ०.५३८, हा फरक कुठून येतो ते पाहायचे तर निर्देशांकाचे गणित आधी उघडून बघावे लागते.

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने १९९० पासून देशांसाठी जो निर्देशांक काढला, त्यामागे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांचा पुढाकार होता आणि अमर्त्य सेन यांचा सहभाग. त्याचे घटक तीन : आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न. प्रत्येक घटकासाठी एक किमान आणि एक कमाल मर्यादा आधीच ठरवलेली असते आणि त्या दोन टोकांमधल्या अंतरापैकी देशाने किती अंतर कापले, हे शून्य ते एक यांमधल्या आकड्यात सांगितले जाते. भारताचे २०२२ चे आकडे घेऊ. जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान ६७.७ वर्षे होते आणि मर्यादा २० व ८५ आहेत. म्हणून ६७.७ मधून २० वजा करून ६५ ने भागले की आरोग्याचा उपनिर्देशांक ०.७३ येतो. शाळेत नव्याने जाणाऱ्या मुलाला अपेक्षित असलेली १२.६ वर्षे १८ ने भागायची, पंचविशीच्या पुढच्या प्रौढांची प्रत्यक्ष झालेली सरासरी ६.६ वर्षे १५ ने भागायची आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. शिक्षणाचा आकडा ०.५७ येतो.

उत्पन्नाला थोडी वेगळी वागणूक मिळते. दरडोई ६,९५१ डॉलर हा क्रयशक्तीनुसार काढलेला आकडा १०० आणि ७५,००० या मर्यादांमध्ये सरळ बसवत नाहीत. आधी तिन्ही आकड्यांचे लॉगरिदम घेतात. हजार रुपयांची वाढ गरिबाच्या आयुष्यात जेवढा फरक पाडते तेवढा श्रीमंताच्या आयुष्यात पाडत नाही, ही साधी गोष्ट त्यामुळे गणितात उतरते. या मोजपट्टीवर उत्पन्न कुठूनही दुप्पट झाले, तरी उपनिर्देशांकात सुमारे ०.१० एवढीच भर पडते. भारताचा आकडा ०.६४ येतो. शेवटी तीन उपनिर्देशांकांचा गुणाकार करून त्याचे घनमूळ काढले की सुमारे ०.६४ मिळतात, आणि भारताचा त्या वर्षीचा जाहीर झालेला निर्देशांक ०.६४४ आहे. २०१० पूर्वी बेरीज करून तिनाने भागत असत. गुणाकार आल्यापासून एका घटकातली मोठी उणीव दुसऱ्या घटकातल्या भरघोस आकड्याने पूर्वीइतकी झाकता येत नाही.

हे सगळे जिल्ह्यासाठी करायला बसले की पहिलीच अडचण आयुर्मानाची येते. आपल्याकडे आयुर्मान नमुना नोंदणी योजनेतून काढतात आणि ते मोठ्या राज्यांसाठीच विश्वासार्ह ठरते, जिल्ह्यांसाठी ते प्रसिद्धच होत नाही. म्हणून महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या अहवालांत त्याच्या जागी अर्भक मृत्युदर, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांची संख्या घेतली गेली. पण हा आकडाही जिल्हा पातळीवर सहज हाती लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत एका जिल्ह्यात सरासरी नऊशे घरे पाहिली गेली. समजा, त्या घरांत मागच्या पाच वर्षांत साडेतीनशे जन्म झाले आणि खरा मृत्युदर ४० आहे, तर नमुन्यात चौदा मृत्यू अपेक्षित आहेत. केवळ योगायोगाने ते सात किंवा एकवीसही निघू शकतात, म्हणजे दर २० ते ६० यांमध्ये कुठेही लागू शकतो. एवढ्या पसाऱ्यावर जिल्ह्यांचे क्रम लावणे धाडसाचे आहे आणि म्हणूनच त्या सर्वेक्षणाच्या जिल्हानिहाय पत्रकांत अर्भक मृत्युदर दिलेलाच नसतो.

जन्ममृत्यूच्या नोंदणीतून तो काढावा, तर दुर्गम पाड्यांवरचे मृत्यू नोंदवायचे राहून जातात आणि उपचारासाठी शहरात आणलेल्या बालकाच्या मृत्यूची नोंद शहरात होते. त्यामुळे जिथे रुग्णालय चांगले तिथला दर वाईट आणि जिथे रुग्णालयच नाही तिथला दर चांगला दिसण्याची चमत्कारिक शक्यता निर्माण होते. यावरचा जुना उपाय जनगणनेत आहे. विवाहित स्त्रियांना तिथे दोन प्रश्न विचारले जातात : एकूण मुले किती झाली आणि त्यांपैकी आज हयात किती? लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांच्या पद्धतीने स्त्रियांच्या वयोगटांनुसार या उत्तरांवरून बालमृत्यूचा अंदाज बांधता येतो. मात्र तिशीतल्या स्त्रीची दगावलेली मुले ही काही गेल्या वर्षीची नसतात, त्यामुळे हा अंदाज जनगणनेच्या काही वर्षे आधीच्या परिस्थितीबद्दल बोलत असतो. निर्देशांकावर ‘२०११’ लिहिलेले असले, तरी त्याच्या पोटातला एक आकडा त्याहून जुना असू शकतो.

शिक्षणाच्या बाबतीत साक्षरता आणि पटनोंदणी या दोन सहज मिळणाऱ्या आकड्यांवर भागवले जाते. पटनोंदणी म्हणजे हजेरी नव्हे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांचे मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जाते आणि त्याचे नाव मात्र गावच्या शाळेच्या पटावर राहते.

उत्पन्नाच्या आकड्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि माझ्या मते सर्वाधिक फसवणूक तिथेच होते. अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचे जे दरडोई उत्पन्न काढते, ते जिल्ह्याच्या हद्दीत निर्माण झालेल्या मूल्याचे असते. शेतमाल, खाणी, मोठे कारखाने यांचे उत्पादन कुठे झाले हे कळते, म्हणून ते त्या त्या जिल्ह्याच्या खात्यावर पडते. रेल्वे, बँका यांसारख्या सेवांचे राज्याचे एकूण मूल्य मात्र कामगारसंख्येसारख्या निकषांवर जिल्ह्यांत वाटून दिले जाते. हे उत्पन्न अखेरीस कोणाच्या खिशात गेले, याची नोंद या हिशेबात नाही. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे आणि सिमेंटचे कारखाने आहेत. या सर्वांत निर्माण होणारे मूल्य चंद्रपूरच्या दरडोई आकड्यात येते, पण त्यातला नफा आणि व्याज जिल्ह्याबाहेर जाते आणि वीजही राज्यभर जाते. याच्या उलट सिंधुदुर्गातल्या घरात मुंबईहून चाकरमान्याने पाठवलेला पैसा येतो, त्यावर मुलांचे शिक्षण होते, घराची कौले बदलतात, आणि तरीही जिल्ह्याच्या उत्पन्नात तो मोजला जात नाही, कारण तो मुंबईत निर्माण झालेला असतो. आखाती देशांतून केरळात येणाऱ्या पैशाबाबत राज्य पातळीवरही हेच घडते.

आता सुरुवातीच्या ०.२१ कडे वळू. समजा, तीन जिल्ह्यांचे अर्भक मृत्युदर २०, ४० आणि ६० आहेत. मर्यादा शून्य आणि शंभर ठेवल्या, तर त्यांचे उपनिर्देशांक ०.८०, ०.६० आणि ०.४० होतात. पण मर्यादा म्हणून त्याच तिघांतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट जिल्हा घेतला, तर तेच जिल्हे १.००, ०.५० आणि शून्यावर जातात. एकाही बालकाच्या आयुष्यात फरक पडलेला नाही, फक्त मोजपट्टीची टोके आत सरकली आहेत. मुंबईला पूर्ण १.०० मिळणे याचा अर्थ मुंबईत मानवी विकासाची परिसीमा झाली असा नसून कमाल मर्यादा तिच्याच आकड्यांजवळ बांधलेली होती, असा आहे. अशा मोजपट्टीवर शेवटचा जिल्हा तळाशी जाणारच. शिवाय टोके आत सरकवल्याचा एक सूक्ष्म परिणाम असतो. ज्या घटकाची पट्टी आखूड, त्यातला लहानसा फरकही मोठा दिसतो. तिन्ही घटकांना समान भार दिला आहे असे अहवालात लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात तो घटक जिल्ह्यांच्या क्रमावर अधिक जोर चालवतो. म्हणून कोणत्याही दोन निर्देशांकांची तुलना करण्याआधी मर्यादा कोणत्या घेतल्या हे अहवालाच्या तांत्रिक टिपांत शोधावे; त्या वेगळ्या असतील, तर तुलना सोडून द्यावी.

एवढे सगळे नेमके जमले, तरी जिल्हा ही सरासरी काढण्यासाठी फार मोठी जागा आहे. नंदुरबार २०११ च्या यादीत ०.६०४ वर, म्हणजे गडचिरोलीच्याही खाली, राज्यात शेवटचा आहे. पण १ जुलै १९९८ पर्यंत नंदुरबार हा जिल्हाच नव्हता. सातपुड्यातले अक्कलकुवा आणि धडगाव हे तालुके तोवर धुळे जिल्ह्याच्या सरासरीत मिसळलेले होते. जिल्ह्याची हद्द बदलल्यावर त्यांची अवस्था आकड्यांत वर आली. आजही त्याच नंदुरबारमध्ये तापीकाठचा शहादा तालुका आणि डोंगरातला धडगाव एकाच निर्देशांकाखाली उभे आहेत.

ठाण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. २०११ मध्ये ठाणे जिल्ह्याचा निर्देशांक ०.८०० होता आणि राज्याचा ०.७५२, म्हणजे ठाणे अग्रेसर जिल्ह्यांत गणले गेले. त्या ठाण्यात तेव्हा जव्हार आणि मोखाडा होते. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. ठाणे, कल्याण, नवी मुंबई या शहरांच्या लोकसंख्येपुढे या दोन तालुक्यांचे वजन इतके कमी होते की जिल्ह्याच्या सरासरीला त्यांचा धक्काही लागत नसे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते ठाण्याच्या आकड्यातून बाहेर पडले. राज्य शासनाच्या मानव विकास मिशनने २००६ मध्ये निर्देशांकात मागे असलेल्या बारा जिल्ह्यांपासून काम सुरू केले होते. पुढे २०११ मध्ये व्याप्ती वाढवताना त्याने सव्वाशे तालुक्यांची यादी केली, कारण जिल्ह्याचा निर्देशांक पाहून निधी दिला असता, तर ०.८०० च्या ठाण्यातल्या मोखाड्यापर्यंत तो पोहोचण्याचे काही कारणच नव्हते.