दोनदा उतरवलेला तक्ता आणि न सापडणारी चूक

मार्च २०२० मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी घरात अडकून पडलेल्या लोकांना एक काम दिलं. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या दप्तरात पावसाच्या जुन्या नोंदींचे पासष्ट हजारांहून अधिक कागद होते. प्रत्येक कागदावर एका ठिकाणच्या दहा वर्षांचा पाऊस हाताने लिहिलेला होता. आडव्या ओळी महिन्यांच्या, उभे रकाने वर्षांचे, आणि प्रत्येक रकान्याच्या तळाशी वर्षाची बेरीज. कागद स्कॅन झालेले होते, पण त्या चित्रांतले आकडे संगणकाला वापरता येत नव्हते. सुमारे सोळा हजार स्वयंसेवकांनी ते आकडे सोळा दिवसांत उतरवून काढले. त्या आकड्यांमुळे ब्रिटनची अधिकृत मासिक पर्जन्यमालिका १८६२ च्या मागे, १८३६ पर्यंत नेता आली.

या कामात एकच आकडा किमान चार वेगवेगळ्या माणसांनी टाइप केला होता. चार जणांचं उत्तर जुळतं का, हे पाहूनच तो स्वीकारला गेला. लहान कामात चार माणसं मिळत नाहीत, तेव्हा दोघांवर भागवतात. एकाच चित्रावरून दोघांनी स्वतंत्रपणे तक्ता टाइप करायचा, मग दोन्ही फायली संगणकाने घरागणिक ताडायच्या आणि जिथे फरक दिसेल तिथेच मूळ चित्र पुन्हा उघडायचं. औषधांच्या चाचण्यांत कागदी फॉर्म संगणकात भरताना ही रीत अनेक वर्षं वापरली जाते. तिला बोलीत ‘डबल एन्ट्री’च म्हणतात.

एवढा खटाटोप कशाला, एकदा टाइप करून नीट वाचून पाहिलं तर चालणार नाही का, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. किंबर्ली बार्चर्ड आणि लॅरी पेस या दोन अमेरिकी संशोधकांनी २०११ मध्ये नेमकं हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी आकडे एकदाच भरले, काहींनी भरून मग डोळ्यांनी कागदाशी ताडले आणि काहींनी दोनदा भरले. डोळ्यांनी ताडणाऱ्यांच्या फायलींत दोनदा भरणाऱ्यांच्या सुमारे तीसपट चुका उरल्या. एकदाच भरून मोकळं होणाऱ्यांपेक्षा ते फारसे बरे ठरले नाहीत. मला यात नवल वाटत नाही. आपण टाइप केलेलं वाचताना डोळा काय असायला हवं तेच वाचत जातो. दुसऱ्यांदा टाइप करताना मात्र प्रत्येक अंकासाठी बोट वेगळं हलवावंच लागतं, आणि तुलना करणाऱ्या संगणकाला कंटाळा नसतो.

आता एक रकाना प्रत्यक्ष ताडून पाहू. तो मी उदाहरणासाठी तयार केला आहे, पण घडण त्या ब्रिटिश कागदांसारखीच आहे आणि पाऊस इंचांत आहे. कागदावर जानेवारी ते डिसेंबर असे आकडे आहेत: ३.१२, १.८७, २.४०, ०.९६, १.५३, २.०८, ३.७१, ४.२६, १.३५, ५.०४, ३.६८, २.९०. तळाशी कारकुनाने बेरीज लिहिली आहे ३२.९०.

पहिल्या व्यक्तीने ऑगस्टचे ४.२६ टाइप करताना ४.६२ केले. दुसरीने जूनचे २.०८ टाइप करताना २.०५ केले, कारण कीबोर्डच्या उजवीकडच्या अंकपट्टीवर ५ ची कळ ८ च्या बरोबर खाली असते. आणि जुलैच्या ३.७१ मध्ये शेवटच्या १ ला लिहिणाऱ्याने वर लांब शेपूट काढलं होतं, त्यामुळे इंग्रजी वळणाचा तो १ दोघींनाही ७ वाटला. दोघींनी ३.७७ टाइप केलं.

फायली ताडल्यावर ऑगस्ट आणि जून लगेच वर येतात. ऑगस्टच्या दोन आकड्यांमधला फरक आहे ०.३६, म्हणजे शेवटच्या स्थानात मोजला तर ३६. तो ९ ने भागला जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो, कारण १०क + ख मधून १०ख + क वजा केलं की ९(क − ख) उरतं. जुने हिशेबनीस ताळा चुकला की फरक आधी नवाने भागून पाहत, तो यासाठीच. फरक ९ च्या पटीत असला म्हणजे अंकच उलटले असं सिद्ध होत नाही, पण आधी काय शोधावं ते कळतं. जूनचा फरक ३ आहे, तिथे अंक उलटलेले नाहीत, बोट शेजारच्या कळेवर गेलं आहे.

जुलै मात्र वर येत नाही. दोघींचं उत्तर एकच आहे, म्हणून संगणकाच्या दृष्टीने ते घर स्वच्छ आहे. या पद्धतीबद्दल मला सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं ते हेच. दोनदा टाइप केल्याने बोटाच्या चुका सापडतात, डोळ्याच्या चुका सापडत नाहीत. बोटाच्या चुका योगायोगाने होतात. समजा पाच हजार घरांपैकी एकीच्या हातून १० चुकली आणि दुसरीच्या हातून १५. या चुका एकमेकींशी असंबद्ध असतील, तर एकाच घरात दोघी चुकण्याची अपेक्षित संख्या १० × १५ ÷ ५००० म्हणजे ०.०३ येते, आणि तिथेही दोघींनी तोच चुकीचा अंक टाइप केला तरच चूक लपते. व्यवहारात ती शून्यच धरावी. पण वाचण्यातल्या चुका असंबद्ध नसतात. पुसट दशांशचिन्ह, शाईचा डाग, शेपटीचा १, पोट मिटलेला ३ जो ८ दिसतो, यांचं कारण कागदावरच असतं आणि ते दोघींसमोर सारखंच येतं. देवनागरी अंकांच्या जुन्या नोंदी उतरवताना १ आणि ९ ही जोडी असाच त्रास देते. वरचा गुणाकार तिथे लागू पडत नाही.

म्हणून तळाची बेरीज मोलाची. ऑगस्ट आणि जून दुरुस्त केल्यावर टाइप केलेल्या बारा आकड्यांची बेरीज ३२.९६ येते, कागदावर ३२.९० आहे. फरक ०.०६ जास्त. एकाच अंकाची चूक असेल, तर कुठल्या तरी महिन्याचा शेवटचा अंक खऱ्यापेक्षा ६ ने मोठा वाचला गेला आहे. म्हणजे टाइप केलेला अंक ६, ७, ८ किंवा ९ असायला हवा, खरा अंक अनुक्रमे ०, १, २ किंवा ३. रकान्यात असे सहाच महिने आहेत: फेब्रुवारी, एप्रिल, जून, जुलै, ऑगस्ट, नोव्हेंबर. सहा घरं मोठी करून पाहिली की जुलैतली शेपूट दिसते. त्याच हाताने लिहिलेला दुसरा एखादा १, उदाहरणार्थ जानेवारीच्या ३.१२ मधला, शेजारी ठेवून पाहावा, मग शंका राहत नाही.

ताडण्याच्या पायरीवर एक सापळा असा आहे की त्यात चांगले जाणकारही सापडतात. पाऊस शून्य असणं आणि नोंदच नसणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एकीने रिकामं घर ठेवलं आणि दुसरीने ० टाइप केला, तर तो फरक दिसलाच पाहिजे. पण एक्सेलमध्ये साध्या बरोबरच्या चिन्हाने दोन घरं ताडली, तर रिकामं घर आणि ० यांना तो समान मानतो आणि फरक गिळतो. त्याऐवजी असं सूत्र घालावं:

```
=IF(EXACT(Sheet1!B2,Sheet2!B2),"","X")
```

`EXACT` दोन्ही घरांतला मजकूर अक्षर न् अक्षर ताडतं, त्यामुळे रिकामं आणि ० वेगळे ठरतात. मात्र घरं मजकूर म्हणून साठवली असतील, तर ते १२ आणि १२.० यांनाही वेगळं म्हणेल, चुकून पडलेली मोकळी जागाही दाखवेल. अशा खोट्या फरकांचा पसारा नको असेल, तर टाइप करण्याआधीच ठरवावं की दशांशानंतर किती अंक, रिकाम्या घरात काय, वाचता न आलेल्या घरात कोणती खूण आणि ‘वरीलप्रमाणे’ची दोन टिंबं दिसली तर काय लिहायचं.

कधी ताडणी उघडली की अर्धा तक्ता लाल दिसतो. घाबरू नये. फरक एका ओळीपासून सुरू होऊन शेवटपर्यंत सलग गेले असतील आणि एकीचा आकडा दुसरीच्या खालच्या ओळीत सापडत असेल, तर कोणाकडून तरी एक ओळ सुटली आहे किंवा दोनदा आली आहे. आधी ती ओळ जागेवर आणावी आणि पुन्हा ताडावं. लाल घरं एकेक करून सुधारत बसलं, तर त्या भरात नवीन चुका होतात.

खरे फरक मिटवायचं काम तिसऱ्या व्यक्तीला द्यावं, आणि तिला फक्त चित्र दाखवावं. ‘४.२६ की ४.६२?’ असं विचारलं की ती दोनांतलं एक निवडते, कागदावर प्रत्यक्षात तिसरंच काही असलं तरी. पंचकार्डांच्या काळात दुसरी टाइपिस्ट तपासयंत्रावर तेच कार्ड पुन्हा टाइप करायची आणि न जुळल्यास यंत्र तिथल्या तिथे कळा अडवून लाल दिवा लावायचं. तिला आणखी दोनदा प्रयत्न करता यायचा, तरीही न जुळल्यास त्या रकान्यावर कार्डाच्या वरच्या कडेला खाच पडायची, आणि बिनचूक कार्डाला उजव्या कडेला. काम वेगात व्हायचं, पण दुसऱ्या टाइपिस्टला लगेच कळायचं की पहिलीने काही वेगळं टाइप केलं आहे, आणि लाल दिव्यापुढे आपल्याच वाचनाबद्दल शंका येणं साहजिक आहे. दोन वेगळ्या फायली करून शेवटी ताडण्यात दोघींचं वाचन एकमेकींपासून अलग राहतं. एकाच माणसाने दोनदा टाइप केलं, तर बोटाच्या चुका तरीही सापडतील, पण शेपटीचा १ त्याला दोन्ही वेळा ७ च दिसेल.

कधी दोघींचे आकडे जुळतात, चित्रही स्वच्छ असतं, आणि तरी बेरीज जमत नाही. तेव्हा शक्यता अशी की शंभर वर्षांपूर्वी कारकुनाचीच बेरीज चुकली, किंवा मूळ वहीतून या कागदावर उतरवताना त्याच्याकडून एखादा महिना चुकला. यातलं काय घडलं हे कागदावरून ठरवता येत नाही. अशा वेळी दोन्ही आकडे कागदावर आहेत तसेच ठेवावेत आणि शेजारच्या वेगळ्या रकान्यात ‘बेरीज जुळत नाही’ अशी खूण करावी. आसपासच्या ठिकाणांचा त्याच महिन्याचा पाऊस हाती आला, की कोणता आकडा संशयास्पद आहे याचा अंदाज त्या खुणेवरून पुढे कोणालाही घेता येतो.