गॅलरीतील ट्रॅश आणि डिलीट फोटोंची मुदत

मोबाइलच्या गॅलरीत डिलीट केलेला फोटो लगेच नष्ट होत नाही. तो ट्रॅश किंवा बिन नावाच्या कप्प्यात जातो आणि ठरावीक दिवस तिथे राहतो. आयफोनमध्ये या कप्प्याला ‘रिसेंटली डिलीटेड’ म्हणतात. मुदत संपेपर्यंत फोटो उघडून ‘रिस्टोअर’ किंवा आयफोनमध्ये ‘रिकव्हर’ दाबले की तो परत मिळतो. ही मुदत फोटो डिलीट केल्याच्या दिवसापासून मोजली जाते. फोटो काल काढलेला असो वा पाच वर्षांपूर्वीचा, त्याने फरक पडत नाही.

सॅमसंगच्या गॅलरीत ही मुदत ३० दिवसांची आहे. आयफोनमध्येही ३० दिवस मिळतात आणि प्रत्येक फोटोखाली उरलेले दिवस दिसतात. अ‍ॅपलच्या म्हणण्यानुसार कायमचे पुसले जायला क्वचित ४० दिवसही लागू शकतात, पण त्या वरच्या दिवसांवर विसंबू नये. गूगल फोटोजमध्ये मात्र दोन मुदती आहेत आणि लोकांची गफलत बहुतेक इथेच होते. बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये ६० दिवस राहतो, फक्त फोनमध्येच असलेला ३० दिवस.

मुंबईत हा प्रश्न गणेशोत्सवानंतर हमखास येतो. दहा दिवसांच्या फोटो-व्हिडिओंनी फोन भरतो, मग घाईत सफाई होते. परळच्या एका घराचे उदाहरण घेऊ. ६ सप्टेंबर २०२५ च्या अनंत चतुर्दशीला बाबा आणि ताई दोघांनीही गिरगाव चौपाटीवर विसर्जनाचे फोटो काढले. १० सप्टेंबरच्या रात्री जागा करताना दोघांच्याही गूगल फोटोजमधून ते डिलीट झाले. दिवाळीत, २० ऑक्टोबरला, आत्याने फोटो मागितले तेव्हा शोधाशोध सुरू झाली. बाबांच्या फोनमध्ये बॅकअप बंद होता, त्यामुळे त्यांची मुदत १० ऑक्टोबरला संपली होती. ताईचा बॅकअप चालू होता. तिचे फोटो ९ नोव्हेंबरपर्यंत बिनमध्ये राहणार होते, म्हणून ते मिळाले.

आपला फोटो कोणत्या गटात आहे हे ओळखण्याची साधी खूण आहे. ब्राउझरमध्ये photos.google.com उघडून त्याच खात्याने लॉगिन करावे आणि तिथला बिन पाहावा. तिथे दिसणाऱ्या फोटोंचा बॅकअप आहे. फोनच्याच बिनमध्ये दिसतो आणि ब्राउझरमध्ये नाही, अशा फोटोला ३० दिवसच धरावेत.

फक्त फोनमधल्या फोटोचे पुढे काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. अँड्रॉइड ११ पासून सिस्टिममध्येच ट्रॅशची सोय आहे. तिच्यातून डिलीट केलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये राहते, फक्त तिचे नाव बदलून ती लपवली जाते. बाबांच्या फोटोचे नाव असे झाले असते:

```
.trashed-1760110200-IMG_20250906_193212.jpg
```

मधला आकडा म्हणजे मुदत संपण्याची वेळ, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेली. वरचा आकडा १० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री ९ वाजताचा आहे. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवण्याचा पर्याय चालू केला तर DCIM/Camera मध्ये अशी नावे सापडू शकतात. सॅमसंगची गॅलरी आपला ट्रॅश वेगळा ठेवते, म्हणून तिथे डिलीट केलेला फोटो तिच्याच ट्रॅशमध्ये शोधावा.

रिस्टोअर केल्यावर ‘फोटो आलाच नाही’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. प्रत्यक्षात तो आलेला असतो. परत आलेला फोटो यादीत सर्वांत वर बसत नाही, काढल्याच्या तारखेला जाऊन बसतो. ताईला तो शोधायला ६ सप्टेंबरपर्यंत मागे जावे लागले.

जागा करण्याचे दोन मार्ग दिसायला सारखे वाटतात, पण परिणाम वेगळा होतो. गूगल फोटोजमधला ‘फ्री अप स्पेस’ पर्याय बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढतो. फोटो खात्यात राहतात. ‘डिलीट’ मात्र बॅकअप असलेला फोटो फोनमधून आणि खात्यातून, दोन्हीकडून बिनमध्ये नेतो. त्याच खात्यावरच्या टॅबलेटमधूनही तो दिसेनासा होतो. ‘एम्प्टी बिन’ दाबल्यावर उरलेले दिवस लगेच शून्य होतात, म्हणून सफाई करताना ते बटण शेवटी आणि बिन नीट पाहूनच दाबावे.

मुदत उलटल्यावर ‘फोटो रिकव्हरी’ अ‍ॅप्सकडून फारसे हाती लागत नाही. आजच्या फोनमधला साठा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि मोकळी झालेली जागा सिस्टिम स्वतः साफ करते. ही अ‍ॅप्स बहुधा गॅलरीने आधी बनवून ठेवलेल्या छोट्या, धूसर प्रतिमाच शोधून देतात, आणि त्यासाठी सगळ्या फाइल्स वाचायची परवानगी मागतात. त्यापेक्षा तोच फोटो कोणाला पाठवला होता ते आठवावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेली प्रत थोडी कमी दर्जाची असली तरी चेहरे ओळखू येण्याइतकी नक्की असते.