पॉवर विंडो: काच खाली जाते, वर येत नाही

पॉवर विंडोचा एक बिघाड असा: बटण दाबले की काच खाली जाते, पण वर येत नाही, किंवा अर्ध्यावर थांबते. खानापूर, चोर्ला घाट या पट्ट्यात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस असतो, आणि तेव्हाच हे दुखणे अंगावर येते. बेळगाव, निपाणी भागात अशी गाडी दाखवली की पहिला अंदाज बहुधा ‘मोटर गेली’ असाच असतो. तो बऱ्याचदा चुकतो.

दाराच्या पॅडमागे बारा व्होल्टची छोटी मोटर असते. ती काच उचलणाऱ्या रेग्युलेटरची केबल किंवा कात्रीसारखे हात फिरवते आणि काच वर-खाली होते. मोटरला दोनच वायर जातात. एका वायरला प्लस आणि दुसरीला अर्थ, म्हणजे बॉडीतून मायनस, मिळाला की काच वर येते. उलट झाले की खाली जाते. म्हणजे खाली व्यवस्थित फिरणारी मोटर वर फिरायला अगदीच नकार देत असेल, तर दोष बहुधा मोटरच्या बाहेर असतो. अपवाद म्हणजे दमलेली मोटर: खाली जाताना काचेचे वजन तिला मदत करते, वर आणताना ती कण्हते.

दार उघडण्याआधी एक साधी परीक्षा करावी. रात्री किंवा सावलीत केबिनचा दिवा लावून काच वर घेण्याचे बटण दाबावे. दिवा किंचित मंदावला तर करंट मोटरपर्यंत जातो आहे, अडचण काच, ती ज्यात सरकते ते चॅनेल किंवा रेग्युलेटरची आहे. दिवा ढिम्म राहिला तर शोध बटण आणि वायरिंगकडे वळवावा.

आता एक नमुना घेऊ. खानापूरची एक जुनी हॅचबॅक. डाव्या पुढच्या दाराची काच खाली जाते, वर येत नाही. दिवा मंदावत नाही. डावीकडचे बटण बदलले, तरी तेच. नवी मोटर घालण्याआधी पाहायची गोष्ट एकच: ड्रायव्हरच्या दारावरील मुख्य बटणातून ही काच वर येते का? येत असती, तर दोष डाव्या बटणाच्याच बाजूचा ठरला असता. इथे तिथूनही फक्त खालीच जाते.

याचे कारण वायरिंगच्या रचनेत आहे. अशा बऱ्याच गाड्यांत डाव्या मोटरच्या दोन्ही वायर डाव्या बटणातून मुख्य बटणात जातात आणि तिथल्या पॉइंटमधून, म्हणजे एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांतून, त्यांना अर्थ मिळतो. त्यातला एक पॉइंट जळला किंवा गंजला की एका दिशेचा परतीचा रस्ता तुटतो, मग बटण कुठलेही दाबा. पावसात ड्रायव्हरची काच थोडी उघडी ठेवून चालवण्याची सवय असली, की पाणी नेमके या बटणावर ठिबकते.

खात्रीसाठी मोटरचे कनेक्टर काढून, कुणाला तरी वरचे बटण दाबायला सांगून टेस्ट लॅम्प लावावा. प्लस आलेली वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात लॅम्प पेटतो, पण मोटरच्या दोन वायरांमध्ये पेटत नाही: म्हणजे प्लस आहे, अर्थ नाही. घाटात अडकलात आणि काच वर घ्यायचीच असेल, तर कनेक्टर जोडून ती दुसरी वायर तात्पुरती बॉडीला टेकवावी आणि फक्त वरचे बटण दाबावे. त्या अवस्थेत खालचे दाबले तर थेट शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. पक्का उपाय म्हणजे मुख्य बटण उघडून पॉइंट घासणे किंवा ते बदलणे. घासलेला पॉइंट किती टिकेल याचा भरवसा नाही, बदललेले बरे. दारात कॉम्प्युटर मॉड्युल असलेल्या नव्या गाड्यांना मात्र ही पद्धत लागू नाही. तिथे स्कॅनर लावावा लागतो.

अर्ध्यावर थांबणारी काच ही वेगळी गोष्ट. काच दर वेळी एकाच उंचीवर अडत असेल तर रबरी चॅनेल पाहावे. लाल मातीची धूळ त्यात बसते आणि रबर कडक होते. चॅनेल पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नये: रबर फुगते, धूळ चिकटते. काच पुढे-मागे तिरकी होत असेल, कटकट आवाज येत असेल, तर केबल उसवली आहे किंवा प्लास्टिकची क्लिप तुटली आहे. हाताने ढकलून काच सहज हलली तर तेच. रेग्युलेटर धड असेल तर मोटरचे गिअर काचेला हाताने हलू देत नाहीत. सतत वर-खाली केल्यावर थांबून काही मिनिटांनी पुन्हा चालणारी काच मात्र तापलेल्या मोटरचे संरक्षण दाखवते. अडत्या चॅनेलमुळेही मोटर अशी तापते. दाराचा कोन बदलला की चालू-बंद होत असेल, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर तुटलेली असते.